कागदाने अडणारा अल्फा कण आणि 20 चा आकडा

वाशीतल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी अल्फा नावाचे किरणोत्सारी कण सोडणाऱ्या अमेरिशियम-241 चा छोटा बंदिस्त स्रोत आणि ते कण मोजणारा काउंटर मांडला होता. झेरॉक्सचा कागद मध्ये धरला की टिकटिक जवळजवळ थांबते. थोडी उरते ती कागदातून आरपार जाणाऱ्या गॅमा किरणांची. एका पालकांनी विचारलं, “सर, कागदाने अडतं तर ते पोटात गेलं म्हणून एवढं काय बिघडतं?” मला तिथे उत्तर पुरतं देता आलं नाही. त्यामागचा इतिहास इथे मांडतो.

अल्फा हे नाव 1899 चं. ठरावीक ऊर्जेचा कण हवेत ठरावीक अंतर जाऊन थांबतो, हे 1904 च्या सुमारास मोजलं गेलं. त्या अंतराला आपण पल्ला म्हणतो. अमेरिशियमच्या कणाचा हवेतला पल्ला सुमारे 4 सेंटीमीटर आहे. एवढ्या लांबीच्या हवेच्या स्तंभाचं वजन दर चौरस सेंटीमीटरला जेमतेम 5 मिलिग्रॅम भरतं, तर 80 जीएसएम कागदाचं 8 मिलिग्रॅम. म्हणून कागद पुरतो. शरीराच्या ऊती हवेपेक्षा शेकडो पट दाट, त्यामुळे तिथे तोच कण साधारण 40 मायक्रोमीटरमध्ये, म्हणजे चारेक पेशींच्या ओळीत थांबतो. त्वचेच्या बाबतीत ही ऊर्जा बहुतेक वरच्या मृत थरातच संपते. फुप्फुसाच्या नळ्यांच्या अस्तरावर किंवा हाडाच्या पृष्ठभागावर असा मृत थर नाही.

“पल्ला” या शब्दानेच घोटाळा होतो. पल्ला कमी म्हणजे धोका कमी, असं ऐकणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात कणाजवळची ऊर्जा तेवढीच असते, फक्त ती थोड्या जागेत ओतली जाते. 10 मायक्रोमीटरच्या पेशीतून एक अल्फा कण आरपार गेला, तर तिला अंदाजे 0.2 ते 0.3 ग्रे मात्रा मिळते; ग्रे हे दर किलोमागे शोषलेल्या ऊर्जेचं एकक. गॅमामुळे सुटलेला एक इलेक्ट्रॉन तिथे साधारण मिलिग्रेच्या आसपास देतो. अल्फाच्या वाटेवर डीएनएचे दोन्ही धागे एकमेकांच्या अगदी जवळ तुटतात आणि पेशीला ते नीट सांधता येत नाहीत.

1920 च्या दशकात घड्याळांवर चमकता रंग लावणाऱ्या कामगार मुलींनी ब्रशचं टोक ओठांनी निमुळतं केलं आणि रेडियम त्यांच्या पोटात गेलं. ते कॅल्शियमसारखं वागतं, म्हणून हाडात बसलं. जबडे सडले, हाडांचे कर्करोग झाले. 1941 मध्ये शरीरातल्या रेडियमची मर्यादा 0.1 मायक्रोग्रॅम ठरली.

खरा वाद त्यानंतरचा आहे. अल्फाची हानी गॅमाच्या किती पट धरायची? किरणोत्सर्गापासून संरक्षणाचे निकष ठरवणारी आंतरराष्ट्रीय समिती आधी 10 धरत होती. 1977 मध्ये तिने 20 केले. ग्रेला 20 ने गुणायचं, की सिव्हर्टमधला, म्हणजे हानीचा हिशेब धरलेल्या मात्रेचा आकडा मिळतो. हा गुणक सगळ्या अवयवांना सरसकट लागू आहे आणि माझी हरकत नेमकी तिथेच आहे. त्या रंगकाम करणाऱ्यांमध्ये सांगाड्याला सरासरी 10 ग्रेपेक्षा कमी मात्रा मिळालेल्यांत हाडाचा कर्करोग जवळजवळ दिसला नाही. अल्फामुळे होणारा रक्ताचा कर्करोगही 20 च्या हिशेबाने व्हायला हवा त्याहून बराच कमी आढळला. याउलट थोरियम असलेलं क्ष-किरण चित्रणाचं औषध टोचून घेतलेल्या रुग्णांत यकृताच्या कर्करोगाला 20 च्या जवळचा गुणक जुळतो. म्हणजे हा आकडा नियम करण्यासाठी ठीक आहे. एखाद्या माणसाला कर्करोग होईल की नाही, हे त्यावरून काढू नये. वर्तमानपत्रांत मात्र सिव्हर्टचा आकडा थेट भाकितासारखा छापला जातो.

मापनातही आखूड पल्ल्याची अडचण येते. आत गेलेलं पोलोनियमसारखं अल्फा सोडणारं द्रव्य बाहेर काउंटर लावून कळत नाही, कारण कण शरीराबाहेर येतच नाही. शंका असेल तेव्हा नाकातला स्वॅब आणि 24 तासांची लघवी तपासतात. लघवीतून द्रव्य रासायनिक पद्धतीने वेगळं करून अल्फाची ऊर्जा मोजतात आणि तेवढ्यावरून शरीरात किती होतं याचा अंदाज बांधतात. ते कधी आत गेलं हे माहीत नसेल, तर तो अंदाज कितीतरी पट चुकू शकतो.

आता तोच आखूड पल्ला औषधात वापरतात. प्रोस्टेटच्या पसरलेल्या कर्करोगावर भारतातही ॲक्टिनियम-225 देतात. ते ज्या वाहक रेणूला जोडलेलं असतं तो गाठीच्या पेशींना चिकटतो आणि ॲक्टिनियमच्या क्षयाच्या साखळीतले चार अल्फा कण शेजारच्या काही पेशींपलीकडे जात नाहीत. हे औषध लाळग्रंथींतही साठतं, म्हणून तोंड कोरडं पडणं हा त्याचा नेहमीचा त्रास. ग्रंथी किंवा मूत्रपिंड बिघडेल का हे ठरवताना तज्ज्ञ 20 वापरत नाहीत, बहुधा 5 धरतात, कारण तिथे प्रश्न कर्करोगाचा नसून पेशी मरण्याचा असतो. घरात कुणाचे असे उपचार चालू असतील, तर रिपोर्टमध्ये ग्रे लिहिलंय की सिव्हर्ट आणि गुणक कोणता लावलाय, हे डॉक्टरांना विचारून घ्या.