हस्तरेषांतील वयोमानानुसार बदल

तळहातावरील आयुष्यरेषा, मस्तकरेषा आणि हृदयरेषा या तीन ठळक रेषा जन्मभर जवळजवळ त्याच जागी राहतात. त्यांच्या आजूबाजूच्या बारीक रेषा मात्र वय, काम आणि ऋतू यांप्रमाणे उमटतात, पुसट होतात आणि कधी परतही दिसू लागतात. हस्तसामुद्रिकात ‘रेषा बदलली’ असे म्हणतात तेव्हा बहुधा या दुसऱ्या प्रकाराविषयीच बोलणे चाललेले असते.

मोठ्या रेषा म्हणजे मूठ वळताना कातडी दुमडते त्या घड्या. गर्भाच्या सातव्या-आठव्या आठवड्यापासून त्या दिसू लागतात आणि चौदाव्या आठवड्याच्या सुमारास आखून होतात. या ठिकाणी कातडी खालच्या पडद्याला घट्ट बांधलेली असल्याने घडीची जागा सरकत नाही. बोटांच्या ठशात दिसणारे बारीक कंगोरे हा वेगळाच प्रकार आहे. ते तर घड्यांहूनही स्थिर असतात. विल्यम हर्शेल याने १८५८ मध्ये बंगालात एका करारावर सहीसोबत पंजाचा ठसा घेतला आणि पुढे अनेक वर्षे स्वतःच्या बोटांचे ठसे ताडून कंगोरे बदलत नसल्याचे पाहिले.

वयाबरोबर कातडी पातळ व कोरडी होते, तळहाताखालची चरबी घटते आणि बारीक आडव्या-उभ्या सुरकुत्या वाढतात. म्हणून साठीनंतरच्या हातावर जाळी, फुल्या आणि बेटे यांची गर्दी दिसते. विशीतल्या हातावर तेवढीच जाळी असती तर तिचा अर्थ वेगळा लागला असता, असे जाणते हात बघणारे सांगतात. म्हातारा हात बघताना ते आधी मुख्य रेषा आणि ग्रहांचे उंचवटे पाहतात; बारीक चिन्हांना फार वजन देत नाहीत. डावा हात जन्माचा आणि उजवा कर्तृत्वाचा, असा एक संकेत आहे. पुरुषाचा उजवा व स्त्रीचा डावा हात बघण्याची जुनी रीत याहून निराळी. दोन हातांतला फरक हाच आयुष्यात झालेला बदल, असे पहिला संकेत पाळणारे धरतात.

घोटाळा होतो तो वय मोजताना. मनगटाकडून वर जाणारी भाग्यरेषा मस्तकरेषेला छेदते तिथे साधारण ३५ वर्षे आणि हृदयरेषेला छेदते तिथे पन्नाशी, असे एक प्रचलित माप आहे. मालवणच्या किनाऱ्यावर हयातभर रापण, म्हणजे काठावरून दोराने ओढायचे मोठे जाळे, ओढलेल्या सत्तरीच्या गाबीत मच्छीमाराचा हात नमुन्यादाखल घेऊ. दोराने बोटांच्या मुळाशी घट्टे पडलेले असतात आणि हृदयरेषेच्या वरचा भाग नेमका त्यांखाली जातो. वैशाखात हा हात पाहिला तर भाग्यरेषा आणि सूर्यरेषा हृदयरेषेपाशीच संपल्यासारख्या वाटतात. घाईने बघणारा ‘पन्नाशीनंतर भाग्य खुंटले’ म्हणून मोकळा होतो. पावसाळ्यात रापण बंद असते, दोराचा ताण सुटतो आणि घट्टे नरम पडून झिजू लागतात. नारळी पौर्णिमेच्या आधी तोच हात पाहिला तर त्या रेषांचे शेंडे पुन्हा थोडेफार दिसू शकतात. भाग्य दोन-तीन महिन्यांत फिरले असे कोणी म्हणणार नाही!

म्हणून काळजीने बघणारा हात कोमट पाण्यात भिजवून पुसतो, तिरप्या उजेडात धरतो आणि कामाची चौकशी करतो. रापणीचा दोर दोन्ही हातांनी ओढतात, त्यामुळे इथे डाव्या हाताशी केलेली तुलनाही फसवी ठरते. ती कोयता चालवणाऱ्याच्या हाताला अधिक लागू पडते. काजूच्या कारखान्यात टरफलाच्या तेलाने भाजून सोललेल्या तळव्यावर तर कातडी भरून येईपर्यंत काही न वाचलेलेच बरे.

रेषा खरोखर बदलली का, हे आठवणीवरून ठरत नाही. त्यासाठी जुना ठसा हवा. कापराच्या काजळीवर किंवा छपाईच्या शाईने ठसा घेऊन त्यावर तारीख व वय लिहून ठेवण्याची पद्धत आहे. तळव्याचा मधला खोलगट भाग कागदाला नीट टेकला नाही, तर तिथली रेषा तुटलेली उमटते. शंका आली की त्या जागेचे कंगोरे पाहावेत. कंगोरेही उमटले नसतील तर दोष ठशाचा. ते अखंड उमटले असून रेषाच नसेल, तर बदल खरा धरता येतो.

बदल खरा ठरला तरी त्याचा अर्थ ही वेगळी बाब आहे. हस्तसामुद्रिकाच्या भाकितांना शास्त्रीय पुरावा नाही. शिवाय सत्तरीच्या हाताचे वाचन बहुतांशी घडून गेलेल्या गोष्टींचे असते. माणसाने लग्न, आजारपण, होडी विकल्याचे साल सांगितले की त्या वयाजवळ एखादी फुली सापडतेच, कारण फुल्यांना तोटा नसतो. कीरो नावाने गाजलेला विल्यम जॉन वॉर्नर (१८६६–१९३६) आपण ही विद्या कोकणात शिकल्याचे सांगत असे, पण त्याचा आधार मुख्यतः त्याच्याच कथनाचा आहे.

एक बदल मात्र ज्योतिषाकडे नेण्यासारखा नसतो. अनामिकेच्या किंवा करंगळीच्या खाली कातडीत खळगा पडून आत दोरीसारखा ताठर पट्टा लागत असेल, तर हृदयरेषा तिथे मुडपल्यासारखी दिसते. हा तळहाताच्या पडद्याचा विकार असतो. पंजा मेजावर पालथा ठेवून पूर्ण सपाट टेकत नसेल, तर हात डॉक्टरांना दाखवावा.