चित्रपुस्तकाची संहिता कानाने तपासताना

तीन ते पाच वर्षांचं मूल चित्रपुस्तक स्वतः वाचत नाही. घरातलं कुणीतरी वाचतं आणि मूल चित्रं बघत ऐकतं. म्हणून अशा पुस्तकाची संहिता तपासताना कानावर जास्त भिस्त ठेवावी लागते. उदाहरणासाठी एक वाक्य रचून घेऊ:

‘पावसाळ्याच्या आगमनाने आनंदित झालेल्या बेडकाने तळ्याकाठच्या ओल्या दगडावर बसून मोठ्याने ओरडायला सुरुवात केली.’

तपासणारा इथे ‘आगमन’ आणि ‘आनंदित’ या शब्दांवर चटकन खूण करतो. ती योग्यच आहे, पण खरी अडचण वाक्याच्या रचनेत आहे. चार शब्द ऐकून झाले तरी गोष्ट कुणाची आहे हे मुलाला कळत नाही. बेडूक पाचव्या शब्दाला येतो आणि त्याने काय केलं हे अगदी शेवटी समजतं. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, त्यामुळे तोवरचं सगळं मनात धरून ठेवावं लागतं. लहान मुलांची ही धरून ठेवण्याची क्षमता मोठ्यांपेक्षा बरीच कमी असते. मग वाक्य असं मोडायचं: ‘पाऊस आला. बेडूक खूश झाला. ओल्या दगडावर बसला आणि ओरडू लागला, डराँव! डराँव!’

वाक्य सोपं केलं म्हणून प्रत्येक अनोळखी शब्द काढायला मात्र माझा ठाम विरोध आहे. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०० चित्रपुस्तकांतली भाषा आणि मोठी माणसं मुलांशी बोलतात ती भाषा यांची तुलना केली होती. पुस्तकांत वेगवेगळे शब्द जास्त सापडले. म्हणजे रोजच्या बोलण्यात न येणारे शब्द मुलाच्या कानावर पडण्याची ही एक हक्काची जागा आहे. म्हणून बेडकाच्या गोष्टीत पुढे ‘शेवाळ’ आलं तर ते राहू द्यावं, कारण ते दगडावर हिरवंगार दिसतं आणि बेडूक त्यावरून घसरतोही. ‘आगमन’ चित्रात दाखवता येत नाही, ते जावं. शिवाय ठेवलेला शब्द एकदाच येऊन जाऊ नये. इंग्लंडमध्ये २०११ साली झालेल्या एका प्रयोगात तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द सारख्याच वेळा ऐकवले; काहींना एकच गोष्ट पुन्हापुन्हा, काहींना वेगवेगळ्या गोष्टींतून. तीच गोष्ट पुन्हा ऐकणाऱ्यांना ते शब्द जास्त चांगले आले. अर्थात ‘ओळखीचा शब्द’ सगळीकडे एकच नसतो. किनारपट्टीवरच्या मुलाला ‘होडी’ रोज दिसते, माणदेशातल्या मुलाला कदाचित ती चित्रातच भेटेल.

ओघ तपासायचा तर संहिता आधी न पाहिलेल्या माणसाला मोठ्याने वाचायला द्यावी. आपण हातात पेन घेऊन ऐकावं आणि तो अडखळेल, मागे जाऊन पुन्हा वाचेल किंवा भलत्या ठिकाणी श्वास घेईल तिथे खूण करावी. ‘तळ्याच्या काठच्या झाडाच्या फांदीवर’ इथे तीन ‘च्या’ ओळीने आले की जीभ अडकते. दुसरी जागा जास्त फसवी आहे. छापलेलं ‘पिल्लू घाबरले’ मोठ्याने वाचताना आई सहज ‘घाबरलं’ म्हणते. त्यात बिघडत काहीच नाही. पण ‘पिल्लू घाबरले, बगळे आले’ असं यमक जुळवलं असेल, तर ‘घाबरलं’ आणि ‘आले’ जुळत नाहीत. यमक कागदावरच राहतं. गोष्ट बोलीच्या रूपात लिहावी आणि यमकही त्याच रूपावर बेतावं, हे मला त्यामुळेच गरजेचं वाटतं.

आता शेवट. समजा, आपल्या बेडकाने ‘माझ्याशी कोण बोलेल?’ असं विचारलं आहे. पहिल्या हाकेला ढग गडगडतो, दुसरीला बगळा मान वळवतो आणि बेडूक शेवाळावरून सटकतो, तिसरी हाक पावसाच्या आवाजात बुडते. आणि शेवटच्या पानावर लिहिलंय: ‘पाऊस थांबला. चांदणं पडलं. किती सुंदर हा निसर्ग!’ वाक्यं गोड आहेत, पण हाकेला उत्तर मिळालेलंच नाही. गोष्टीतल्या पात्राला काय हवं आहे, त्यासाठी ते काय करतं आणि त्याचं काय होतं, हा गोष्टीचा सांगाडा मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात तपशिलात मांडला. तो सुटला की गोष्ट आठवायलाही जड जाते. इथे उपाय छोटा आहे: पाऊस थांबल्यावर तळ्यापलीकडून ‘डराँव!’ ऐकू येतं. ते उत्तर पान उलटल्यावरच मिळावं, समोरासमोरच्या पानावर आलं तर चित्र आधीच गुपित फोडतं.

हा शेवट पोहोचला का, हे मुलांना विचारताना ‘कळलं का?’ असं विचारू नये. मुलं ‘हो’ म्हणून मोकळी होतात. पुस्तक मिटून ‘आता तू मला सांग’ म्हणावं. मुलाने ढग गाळला तरी हरकत नाही. पण दुसऱ्या बेडकाचा आवाजच गाळला, किंवा आपण थांबल्यावर त्याने ‘मग?’ विचारलं, तर शेवटची दोन पानं पुन्हा लिहायला घ्यावीत. एकाच मुलावरून मात्र निर्णय घेऊ नये. एखाद्याचं त्या दिवशी लक्ष नसतं, तर एखाद्याला गोष्ट इतकी आवडते की तो ‘मग?’ विचारून पुढची मागतो.