पंधरा वर्षं उशीर केला तर नेमकी कुठली वर्षं जातात?

शाळेत आपण सरळव्याज आणि चक्रवाढव्याज दोन्ही शिकलो, मुद्दल, दर, मुदत, रास सगळं पाठ होतं, पण त्या गणितांमधली मुदत असायची दोन नाहीतर तीन वर्षं, आणि तेवढ्यात या दोघांमधला खरा फरक दिसतच नाही.

आपल्या ओळखीचं पीपीएफच घेऊ. एप्रिल 2020 पासून त्याचा दर 7.1 टक्के आहे. समजा 1 लाख रुपये 7.1 टक्क्यांनी ठेवले. सरळव्याज असेल तर दरवर्षी 7,100 रुपये, पहिल्या वर्षीही तेवढेच आणि तिसाव्या वर्षीही तेवढेच, कारण व्याज फक्त मूळ लाखावर धरलं जातं. चक्रवाढीत पहिल्या वर्षीचे ते 7,100 मुद्दलात जाऊन बसतात आणि दुसऱ्या वर्षी व्याज 1,07,100 वर लागतं. जास्त किती मिळाले? फक्त 504 रुपये. म्हणूनच सुरुवातीला पासबुक बघून कुणालाच काही विशेष वाटत नाही. दहा वर्षांनी बघितलं तर सरळव्याजाने 1 लाख 71 हजार झालेले असतात आणि चक्रवाढीने साधारण 1 लाख 98 हजार, म्हणजे फरक आहे पण डोळे विस्फारावेत एवढा नाही. तीस वर्षांनी मात्र एकीकडे 3 लाख 13 हजार आणि दुसरीकडे जवळपास 7 लाख 83 हजार! एकट्या तिसाव्या वर्षाचं व्याजच 51,900 च्या आसपास येतं, तेही मूळ लाखाला हात न लावता.

एक गोष्ट इथेच सांगते, चक्रवाढ होते ती व्याज आत राहिलं तरच. बँकेत एफडी करताना व्याज दर महिन्याला खात्यात घ्यायचा पर्याय असतो, तो घेऊन ते पैसे खर्च केले की तुमच्यापुरतं ते सरळव्याजच झालं.

आता लवकर सुरू करण्याचं बघू. दोन बहिणी आहेत असं धरा. थोरलीने पंचविसाव्या वर्षी पीपीएफ उघडलं, दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला 50,000 भरले, पंधरा वर्षं. चाळिशीला खात्यात साधारण 13 लाख 56 हजार झाले. मग तिने भरणं बंद केलं पण पैसे काढले नाहीत, पीपीएफमध्ये मुदत संपल्यावर पुढे काही न भरता खातं तसंच चालू ठेवता येतं आणि व्याज मिळत राहतं. धाकटीने चाळिसाव्या वर्षी सुरू केलं आणि साठीपर्यंत वीस वर्षं न चुकता तेवढेच 50,000 भरले. थोरलीने एकूण भरले साडेसात लाख, धाकटीने दहा लाख. दर सगळी वर्षं 7.1 च धरला तर साठीला थोरलीकडे असतात सुमारे 53 लाख 46 हजार, आणि धाकटीकडे 22 लाख 19 हजार. थोरलीची बरोबरी करायची तर धाकटीला वर्षाला 50 हजार नाही, 1 लाख 20 हजार भरावे लागले असते.

असं का होतं? 72 ला दराने भागलं की पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं लागतात ते कळतं, इथे साधारण दहा. थोरलीच्या पहिल्या 50 हजारांना 35 वर्षं मिळाली, म्हणजे साडेतीन वेळा दुप्पट, ते झाले साडेपाच लाख. धाकटीच्या पहिल्या 50 हजारांना वीस वर्षं मिळाली, दोनच वेळा दुप्पट, झाले 1 लाख 97 हजार. आपल्याला वाटतं की उशीर केला म्हणजे सुरुवातीची वर्षं गेली, जेव्हा व्याज चिल्लर असतं तीच, पण सुरुवातीची हळू वर्षं धाकटीच्याही वाट्याला आलीच ना, तिची गेली ती शेवटची, जिथे दोन लाखांचे साडेपाच लाख होतात.

अर्थात हे आकडे जसेच्या तसे धरून चालायचं नाही. पीपीएफचा दर सरकार दर तीन महिन्यांनी ठरवतं, एकेकाळी तो 12 टक्के होता. शिवाय महागाईसुद्धा चक्रवाढीनेच वाढते, ती वर्षाला 5 टक्के धरली तर 35 वर्षांत भाव साडेपाचपट होतात आणि थोरलीच्या त्या 53 लाखांत आजच्या पावणेदहा लाखांएवढंच सामान येईल. तरीही साठीला दोघी एकाच बाजारात जाणार आहेत, त्यामुळे थोरलीची रक्कम जवळपास अडीचपट भरते ती भरतेच.

आणि लवकर म्हणजे वर्षातसुद्धा लवकर बरं का. पीपीएफचं व्याज त्या महिन्याच्या 5 तारखेपासून शेवटच्या दिवसापर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर धरतात, आणि जमा होतं 31 मार्चला. एप्रिलच्या 5 तारखेच्या आत 50,000 भरले तर त्या वर्षाचे त्यावर 3,550 रुपये मिळतात, 6 तारखेला भरले तर एप्रिलचं व्याज गेलं, आणि बरेच जण टॅक्स वाचवायला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात धावत जाऊन भरतात, त्यांना त्या पैशांवर त्या वर्षी काहीच मिळत नाही.