पोटाची चरबी तेवढीच का उतरत नाही : ‘स्पॉट रिडक्शन’च्या दाव्यामागची पार्श्वभूमी

पोटाचे व्यायाम केले की पोटाचीच चरबी उतरते, ही ‘स्पॉट रिडक्शन’ची समजूत तर्काला धरून वाटते, कारण व्यायाम करताना जळजळ तिथेच जाणवते. तिची एक नेटकी तपासणी मात्र पोटावर झाली नाही, ती टेनिसपटूंच्या हातांवर झाली. 1971 साली संशोधक ग्विनप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुरलेल्या खेळाडूंचे दोन्ही हात मोजले. वर्षानुवर्षे रॅकेट फिरवणाऱ्या हाताचा घेर दुसऱ्यापेक्षा मोठा होता, म्हणजे स्नायू वाढले होते. पण त्या स्नायूंवरील कातडीखालच्या चरबीची जाडी दोन्ही हातांत सारखीच भरली. तुलनेचा दुसरा हात त्याच माणसाचा असल्यामुळे आहार, वय किंवा अनुवंश यांच्याकडे बोट दाखवण्याची सोय राहिली नाही.

पोटाची प्रत्यक्ष परीक्षा 1984 साली अमेरिकेत कॅच यांच्या गटाने घेतली. त्यांनी 13 पुरुषांकडून 27 दिवसांत प्रत्येकी सुमारे 5,000 सिट-अप्स करून घेतल्या आणि आधी व नंतर पोट, पाठीचा वरचा भाग व नितंब अशा तीन ठिकाणांहून सुईने चरबीचे नमुने काढून पेशींचा आकार मोजला. पेशी थोड्या लहान झाल्या होत्या, पण तिन्ही ठिकाणी जवळपास सारख्याच; पोटाला वेगळा लाभ मिळाला नव्हता. वजनात आणि कंबरेच्या घेरात तर दखल घेण्याजोगा फरकही पडला नाही.

याचे कारण चरबी वापरली जाण्याच्या पद्धतीत आहे. पेशीत साठलेली चरबी स्नायू तशीच उचलू शकत नाही. ॲड्रेनॅलिनसारख्या संप्रेरकांचा जोर वाढला आणि इन्सुलिन कमी झाले की ती विघटित होते, तिच्यातून सुटलेली मेदाम्ले रक्तात उतरतात आणि रक्त त्यांना हृदयापासून पिंढरीपर्यंत ज्या स्नायूला गरज असेल तिथे पोहोचवते. संप्रेरकांचा हा हुकूम साऱ्या शरीराला जातो. तो कोणत्या भागातील पेशी अधिक ऐकतात, हे अनुवंश, लिंग आणि वय ठरवतात.

प्रश्न अगदीच बंद झालेला आहे, असे मात्र म्हणता येत नाही. काम करणाऱ्या स्नायूलगतच्या चरबीत रक्तप्रवाह आणि विघटन किंचित वाढते, हे 2007 साली डेन्मार्कमधील संशोधकांना आढळले, पण ते प्रमाण मिलिग्रॅममध्ये मोजण्याइतके होते. 2023 साली वजन जास्त असलेल्या 16 पुरुषांवरील एका प्रयोगात पोटाच्या स्नायूंना दीर्घकाळ दमवणारा व्यायाम करणाऱ्यांच्या धडावरील चरबी 10 आठवड्यांत दुसऱ्या गटापेक्षा सुमारे 700 ग्रॅम जास्त घटली. एकूण चरबी मात्र दोन्ही गटांत सारखीच उतरली. इतक्या लहान प्रयोगाच्या बळावर कोणी हमी देत असेल, तर ती हमी विज्ञानाची नव्हे, जाहिरातीची समजावी.

जाहिरातीचा नमुना पाहायचा तर ‘ॲब सर्कल प्रो’ हे यंत्र आठवते. दिवसाला तीन मिनिटे आणि दोन आठवड्यांत दहा पौंड, अशा आशयाचे दावे त्याच्या जाहिरातींतून झाले होते आणि 2012 साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने विक्रेत्यांना ग्राहकांचे पैसे परत करायला लावले.

असा दावा समोर आला की आधी साधा हिशेब करावा. समजा, 21 दिवसांत पोटाची 5 किलो चरबी घटवण्याचे वचन आहे. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 किलोकॅलरी, म्हणजे एकूण 38,500 आणि रोजची तूट सुमारे 1,830. बैठे काम करणाऱ्या 60 किलो वजनाच्या स्त्रीचा दिवसभराचा एकूण खर्चच ढोबळमानाने 1,700 ते 1,900 किलोकॅलरी असतो. म्हणजे तिने तीन आठवडे जवळपास काहीच खाऊ नये, असा त्या वचनाचा अर्थ होतो, आणि तेव्हाही उतरलेली सगळी चरबी पोटाचीच असणार नाही.

मग पहिल्या आठवड्यात काटा दोन किलोंनी खाली कसा येतो? भात, पोळी आणि मीठ एकदम कमी केले की स्नायूंतील ग्लायकोजेन हा शर्करेचा साठा आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साठलेले सुमारे तीन ग्रॅम पाणी निघून जाते. घाम काढणारा पट्टाही पाणीच काढतो. खाणे पूर्ववत झाले की ते वजन परत येते. म्हणून योजना विकणाऱ्याला मोजमापाची पद्धत विचारावी. टेप शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध, सकाळी, पोट न ओढता, साधा श्वास सोडल्यावर लावली आणि तोच आकडा किमान दोन-तीन महिने नोंदला, तरच उतार खरा आहे की नाही ते कळते. पहिल्या फोटोत पोट सैल सोडलेले आणि दुसऱ्यात आत ओढलेले असेल, तर ती तुलनाच होत नाही. पोटाच्या व्यायामांना मात्र टाकाऊ ठरवू नये, कारण 2011 सालच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात त्यांनी चरबी घटवली नाही, तरी स्नायूंचा दम स्पष्टपणे वाढवला.