कंस कुठे घालायचे? मॅट्रिक्स-साखळीच्या तक्त्यामागची गोष्ट

अल्गोरिदमच्या पेपरात चार-पाच मॅट्रिक्सची मापं देतात आणि आकड्यांच्या कमीत कमी गुणाकारांत उत्तर देणारी कंसांची मांडणी विचारतात. या प्रश्नाची सुरुवात मॅट्रिक्सपासून झालेली नाही. १७५१ साली ऑयलरने गोल्डबाखला लिहिलेल्या पत्रात एक मोजणी होती: बहुभुजाचे कर्ण टाकून त्याचे त्रिकोण किती प्रकारे पाडता येतात? पंचकोनाचे ५, षटकोनाचे १४. १८३८ च्या सुमारास कातालानने दाखवलं की गुणाकाराच्या साखळीत कंस घालण्याची मोजणीही हीच. चार मॅट्रिक्सना ५ मांडण्या, दहांना ४८६२. प्रत्येक मांडणी तपासत बसणं परवडणारं नाही, हे तिथेच कळतं.

किमतीचा, म्हणजे कोणत्या मांडणीत आकड्यांचे किती गुणाकार पडतात याचा प्रश्न संगणक आल्यावरचा. बेलमनचं डायनॅमिक प्रोग्रॅमिंग १९५० च्या दशकातलं. १९७३ मध्ये एस. एस. गोडबोले यांचा मॅट्रिक्स-साखळीवरचा छोटा शोधनिबंध आयईईईच्या संगणकविषयक नियतकालिकात आला (आडनाव वाचून मराठी वाचक थबकतोच). आज पेपरात भरतो तो तक्ता याच पद्धतीचा. पुढच्याच वर्षी एहो, हॉपक्रॉफ्ट आणि उल्मन यांच्या पाठ्यपुस्तकात हे उदाहरण आलं.

विचार साधा आहे. शेवटचा गुणाकार कुठेतरी होणारच. साखळी तिथे दोन भागांत तुटते आणि दोन्ही भाग आपापल्या परीने स्वस्तात स्वस्त असले पाहिजेत. खाली m[i,j] म्हणजे Ai ते Aj या साखळीची कमीत कमी किंमत, k म्हणजे साखळी जिथे तुटते ती जागा, आणि p म्हणजे p[0] पासून मोजलेली मापं; एकट्या मॅट्रिक्सची किंमत शून्य.

```
m[i,j] = min ( m[i,k] + m[k+1,j] + p[i-1]*p[k]*p[j] ),  i <= k < j
```

मापं 10, 5, 20, 12, 15 घेऊ. म्हणजे A1 ही 10×5, A2 ही 5×20, A3 ही 20×12 आणि A4 ही 12×15. मापं पाच, मॅट्रिक्स चार. इथेच पहिली गफलत होते: पाच आकडे पाहून काही जण पाच मॅट्रिक्स धरतात. दोन-दोनच्या जोड्यांची किंमत अनुक्रमे 1000, 1200 आणि 3600. तीनच्या साखळ्यांत A1 ते A3 साठी k=1 घेतला तर 1200+600=1800, k=2 घेतला तर 1000+2400=3400. A2 ते A4 साठी k=2 ला 3600+1500=5100, k=3 ला 1200+900=2100. शेवटच्या घरात k=1 ला 2100+750=2850, k=2 ला 1000+3600+3000=7600, k=3 ला 1800+1800=3600.

```
m    j=1   j=2    j=3    j=4
i=1   0   1000   1800   2850
i=2          0   1200   2100
i=3                 0   3600
i=4                        0
```

उत्तर 2850. डावीकडून सरळ गुणत गेलं तर 5200 पडतात. गंमत म्हणजे ‘सगळ्यात स्वस्त जोडी आधी’ हा मोहक नियमही A1A2 उचलतो आणि त्याच 5200 वर जाऊन पोचतो.

तक्ता डायगोनलने भरतात, कारण m[1,4] ला खालच्या ओळीतलं m[2,4] लागतं. वरची ओळ आधी पूर्ण करू पाहणारा तिथे अडकतो, किंवा रिकामं घर शून्य धरून अशक्य वाटावं इतकं स्वस्त उत्तर काढतो. दुसरा तक्ता s. त्यात किंमत नाही, तर जिंकलेला k लिहायचा: s[1,4]=1, s[2,4]=3. म्हणून आधी A1 च्या पुढे तुटतं आणि उरलेलं A3 च्या पुढे: A1((A2A3)A4). नुसतं 2850 लिहून कंस न दिल्यास प्रश्न अर्धाच सुटतो. उलट पडताळा सोपा आहे: 1200, मग 900, मग 750, बेरीज 2850.

आता ऑयलरच्या पंचकोनाकडे परत या. कोनांवर 10, 5, 20, 12, 15 लिहा. प्रत्येक त्रिकोणाची किंमत म्हणजे त्याच्या तीन कोनांचा गुणाकार. आपलं उत्तर 5 च्या कोनातून निघालेल्या दोन कर्णांचं आहे, आणि 5 हेच सगळ्यात लहान माप. हे नेहमी इतकं सरळ जमत नाही. तरी चिन यांनी १९७८ मध्ये एक झटपट रीत दिली, जी सर्वोत्तमापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त महाग पडत नाही. हू आणि शिंग यांनी १९८० च्या दशकात बहुभुजाच्या याच चित्रावरून n log n वेळेत अचूक उत्तर देणारी पद्धत मांडली. गोडबोलेंची पद्धत n³ ची.

मग पेपरात जुनीच पद्धत का? n मॅट्रिक्सना k च्या एकूण (n³−n)/6 तुलना कराव्या लागतात. चारांना १०, दहांना १६५. कागदावर एवढं जमतं आणि तपासणाऱ्याला घर-घर बघून गुण देता येतात. हू-शिंगची पद्धत इतकी गुंतागुंतीची आहे, की त्यांच्या सिद्धतेतल्या एका पायरीत चूक असल्याचं श्वार्ट्झ आणि वाइस यांनी २०१९ मध्ये दाखवलं आणि तिथे नवी सिद्धता दिली. पद्धत बरोबरच ठरली.