कार्यकरार, दूरस्थ टीमचा

वेगवेगळ्या देशांतून एकाच प्रकल्पावर काम करणाऱ्या टीमने कोणत्या निरोपाला किती वेळात उत्तर द्यायचे आणि एकत्र बैठक कधी घ्यायची, हे आपापसांत ठरवून लिहून ठेवलेले टिपण. त्याला कायदेशीर बंधन नसते. ते सहसा एक-दोन पानांचे असते.

पुणे, बर्लिन आणि न्यूयॉर्क अशी टीम घेऊ. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. तिघांना सोयीचा वेळ जेमतेम तासाभराचा, आणि तोही पुणेकरांच्या घरी निघण्याच्या वेळी. त्यामुळे बैठकीची वेळ कोणत्या शहराच्या घड्याळाला बांधली आहे, हे कलम करारात लागतेच. भारतात घड्याळ बदलत नाही. अमेरिकेत ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जाते, युरोपात शेवटच्या रविवारी. २०२६ मध्ये या तारखा ८ आणि २९ मार्च. मधल्या तीन आठवड्यांत न्यूयॉर्क आणि बर्लिनमधले अंतर सहाऐवजी पाच तास राहते आणि कोणीतरी हमखास तासभर आधी किंवा उशिरा येते. बैठक भारतीय वेळेनुसार साडेसहाला पक्की केली, तर हिवाळ्यात न्यूयॉर्ककरांना आठला बसावे लागते. न्यूयॉर्कच्या नऊला बांधली, तर तोच तास पुण्याच्या माथी येतो. आलटून पालटून त्रास वाटून घेणे न्याय्य, पण वेळ सारखी बदलली की हजेरी घसरते. दर सहा महिन्यांनी बदल करणे त्यातल्या त्यात बरे.

उत्तराची मुदत तासांत लिहिली की घोळ होतो. ‘२४ तासांत उत्तर’ असे कलम असेल आणि न्यूयॉर्कमधून शुक्रवारी दुपारी चारला प्रश्न आला, तर पुण्यात तेव्हा शनिवार सुरू होऊन रात्रीचे दीड-अडीच वाजलेले असतात. म्हणून ‘उत्तर देणाऱ्याच्या पुढच्या कामाच्या दिवसाअखेर’ असे लिहितात; मग वरच्या प्रश्नाची मुदत सोमवारी संध्याकाळी संपते. गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या वेगळ्या मोजाव्या लागत नाहीत, फक्त त्या सामाईक कॅलेंडरवर आधी टाकाव्या लागतात. खरोखर तातडीचे काम असेल तर चॅट नव्हे, फोन, आणि तोही त्या आठवड्याच्या ऑनकॉल, म्हणजे तातडीच्या कामासाठी नेमलेल्या, माणसालाच.

मुदत पाळूनही काम अडते ते अर्धवट प्रश्नामुळे. ‘बिल्ड चालत नाही, बघता का?’ असा निरोप पुण्याहून संध्याकाळी गेला, तर न्यूयॉर्कहून रात्री ‘कोणती एरर?’ एवढेच येते आणि एक दिवस वाया जातो. त्यामुळे एररचा मजकूर, आधी काय करून पाहिले आणि नेमके काय हवे, हे पहिल्याच निरोपात देण्याची अट काही टीम घालतात.

निर्णयांसाठी मौनाची मुदतही ठरवतात: तेवढ्या काळात हरकत आली नाही तर संमती धरायची. अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संस्थेच्या प्रकल्पांत मतदान साधारणपणे किमान ७२ तास खुले ठेवण्याचा प्रघात आहे, तो जगभरच्या सभासदांना संधी मिळावी म्हणून. छोट्या टीमला दोन कामाचे दिवस पुरतात.