दूध नंतर, आधी ऊब: आई नसलेल्या मांजरपिल्लांसाठी

पावसाळा लागला की दुकानात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "पडवीत सोडणांच्या ढिगात पिल्लं सापडली, आई फिरकत नाही, दूध कुठलं देऊ?" दूध आमच्याकडे आहे, पण डबा हातात देण्याआधी आम्ही विचारतो, पिल्लू गरम आहे का? काहींना याचा राग येतो. पण थंड पिल्लाला दूध पाजल्यामुळे जेवढी पिल्लं हातची जातात, तेवढी चुकीच्या दुधाने जात नाहीत.

पहिल्या आठवड्यात पिल्लाला कुडकुडता येत नाही, ऊब आईच्या पोटाशीच मिळते. अंगाचं तापमान 95 फॅरनहाइटच्या खाली गेलं की आतडी मंदावतात. दूध पचत नाही, पोट फुगतं, दूध उलटून श्वासनळीत जातं. पिल्लू भुकेलं दिसतं म्हणून आपण पाजतो आणि नेमकं तेच त्याला मारतं.

समजा, नाळेचा तुकडा अजून चिकटलेलं, 120 ग्रॅमचं पिल्लू भिजलेलं सापडलं. आधी टॉवेलने कोरडं करा. लवचिक टोकाच्या डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून टोक गुदद्वारात अगदी थोडं सरकवा. आकडा 91 आला तर दूध विसरा. (साधा थर्मामीटर साधारण 90 च्या खाली नुसतं Lo दाखवतो, ती तर अधिकच वाईट बातमी.) खोक्याच्या एका बाजूला गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवा. दुसरी बाजू मोकळी ठेवा, म्हणजे जास्त तापलं तर त्याला सरकता येईल. हीटिंग पॅड आम्हीही विकतो, पण आपल्याकडे वादळवाऱ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून बाटली हाताशी हवीच. गरम पाण्यात बुडवणं किंवा ड्रायर जवळ धरणं नको. ऊब दोन-तीन तासांत हळूहळू चढली पाहिजे. दर अर्ध्या तासाने तापमान बघा. 96 च्या पुढे जाऊन तिथे टिकलं की मगच पाजायचं.

पिल्लू बोट जोरात चोखत असेल तर दुधाच्या बाटलीने पाजा, थेट पोटात दूध सोडणाऱ्या नळीची गरज नाही. चोखत नसेल तरच नळी. या वजनाला 5 नंबरची इन्फंट फीडिंग ट्यूब लागते. ती कुठल्याही मेडिकलमध्येही मिळते, आमच्याकडूनच घ्या असं नाही. नाकाच्या टोकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत नळी धरा आणि त्या अंतराच्या तीन-चतुर्थांशावर पेनाने खूण करा. पिल्लू पालथंच ठेवा, माणसाच्या बाळासारखं उताणं नको, मान मागे ताणू नका. ओली केलेली नळी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून हलकेच आत सोडा. खुणेच्या आधीच अडली तर ती बहुधा श्वासनळीत आहे, काढून घ्या. एवढ्या लहान पिल्लाला ठसका येईलच असं नाही, त्यामुळे ठसक्याची वाट बघू नका. पहिल्यांदा हे आम्ही किंवा डॉक्टरांनी दाखवल्याशिवाय करू नये. नळी विकताना आम्ही दहा मिनिटं थांबायला लावतो ते यासाठीच.

मांजरपिल्लांच्या दुधाची पावडर डब्यावरच्या प्रमाणात कालवायची, गाईचं दूध त्यांना पुरत नाही. 100 ग्रॅम वजनामागे दिवसाला साधारण 20 मिली, म्हणजे आपल्या पिल्लाला 24 मिली. दर तीन तासांनी 3 मिली, रात्रीसुद्धा. पहिल्या वेळी निम्मंच. दूध अंगाइतकं कोमट असावं, एक-दोन मिनिटांत सावकाश सोडावं आणि नळी चिमटून धरूनच बाहेर काढावी. नंतर ओल्या कापसाने खालची बाजू हलके पुसा. त्याशिवाय ते शू-शी करत नाही.

एवढं करूनही काही पिल्लं कोमेजतात. याला फेडिंग किटन सिंड्रोम म्हणतात. तो कुठला एकच आजार नाही. थंडी, रक्तातली साखर उतरणं, जंतुसंसर्ग, पिसवांनी रक्त शोषणं, जन्मजात दोष, यांतलं काहीही मागे असू शकतं. पहिली खूण वजनात दिसते. रोज साधारण 10 ग्रॅम वाढायला हवं. एक दिवस वजन वाढलंच नाही किंवा घटलं, तर पिल्लू खेळतंय म्हणून निर्धास्त राहू नका. म्हणूनच ग्रॅम दाखवणारा काटा घ्या म्हणतो. स्वयंपाकघरातला असेल तर तोच चालेल. पुढे ते भावंडांपासून दूर पडून राहतं, बारीक आवाजात सतत ओरडतं, मग गप्प होतं. हिरड्या पांढुरक्या पडतात, डोकं मागे वळतं, तोंड उघडून श्वास घेतं. अशा वेळी दूध अजिबात नको. बाटलीची ऊब द्या, बोटाला साखरेचं पाणी लावून हिरड्यांवर चोळा आणि पशुवैद्यांकडे निघा. आम्हाला फोन केलात तरी आम्ही हेच सांगू, त्यामुळे तो वेळ रस्त्यात घालवा.

दुकानात येताना पिल्लाला उबदार खोक्यातच आणा आणि सकाळचं वजन कागदावर लिहून आणा. नळी कशी घालायची ते दाखवण्याचे पैसे आम्ही घेत नाही.